काटेबाईंच्या वहीत नसलेली रात्र

शहराची दुकानं संपतात आणि गोदामं सुरू होतात त्या वळणावर जमिनीत एक लांबलचक लोखंडी पाट बसवलेला आहे. त्यावर ट्रक चढतो, थांबतो, शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर आकडा उमटतो आणि ट्रक उतरतो. भरलेलं वजन वजा रिकामं वजन म्हणजे माल. या साध्या वजाबाकीवर भरवसा ठेवून अख्ख्या गावाची घरं बांधली जातात, आणि ती वजाबाकी करणाऱ्या बाई गेली एकोणीस वर्षं त्याच खोलीत, त्याच फिरत्या खुर्चीवर बसतात. खुर्ची आता फिरत नाही, पण बाई अजून तशाच आहेत. त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने फक्त पोस्टमन हाक मारतो. बाकी सगळ्यांच्या त्या काटेबाई.

काट्याला फसवायच्या जेवढ्या युक्त्या माणसाला सुचू शकतात तेवढ्या काटेबाईंनी पाहिल्या होत्या. रिकामं वजन करताना पाण्याच्या टाक्या भरून यायच्या आणि भरलेलं करताना ओतून यायचं. एक चाक हळूच पाटाच्या बाहेर ठेवायचं. मदतनिसाला एकदा केबिनमध्ये बसवायचं, एकदा खाली उतरवायचं. एकाने तर सासऱ्यांना बसवून आणलं होतं, आणि सासरे भरभक्कम होते. काटेबाई खिडकीतून मान बाहेर काढायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "मामांना चहा पाजा, उतरू दे त्यांना." त्यांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे.

सांगायचा मुद्दा हा, की ज्या बाईने एकोणीस वर्षांत एक किलो इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तिच्याच अंगावर चौदा महिन्यांत साडेसहा किलो चढले आणि ते कुठून आले हे तिला सांगता येईना.

आणि हे वजन नुसतं आरशापुरतं नव्हतं. त्यावर धाकट्या भावाचं मूत्रपिंड अडलं होतं.

भाऊ कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा. बाजारात त्याला किल्लीदादा म्हणत. एकेचाळिसाव्या वर्षी त्याची दोन्ही मूत्रपिंडं बसली. तेव्हापासून रोज रात्री पोटातल्या नळीला एक मशीन जोडायचं आणि झोपायचं. मशीन पोटात पाणी सोडतं, ते काही वेळ आत राहतं, रक्तातली घाण ओढून घेतं, मग मशीन ते काढून घेतं आणि नवं सोडतं. रात्रीतून चार-पाच फेऱ्या. हे बरं चाललं होतं, पण पोटात दोनदा जंतुसंसर्ग होऊन गेला होता. तिसऱ्यांदा झाला तर नळी काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग उरलं हातातून रक्त काढून शुद्ध करायचं मोठं मशीन, आणि त्यासाठी हातात तयार केलेली शीर दोनदा बंद पडली होती. म्हणजे वाट एकच होती, आणि ती ताईच्या पोटातून जात होती.

ताईचा रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं. रुग्णालयातल्या पहिल्या भेटीत वजन भरलं त्र्याहत्तर. त्यांच्या उंचीला दात्याच्या वजनाची मर्यादा त्या रुग्णालयात सत्त्याहत्तर होती. मग भावाचा पहिला संसर्ग, मग दुसरा, मग तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या. चौदा महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा आकडा होता एकोणऐंशी पूर्णांक सहा.

"काटा शून्यावर होता का बघा," काटेबाई नर्सला म्हणाल्या.

नर्सने त्यांना उतरवलं, काटा शून्यावर आणला, परत चढवलं. एकोणऐंशी पूर्णांक सहा.

दात्यांना तपासणारी डॉक्टरीणबाई वेगळी होती. भावाशी तिचा संबंध नाही, ती फक्त देणाऱ्याच्या बाजूने. ती म्हणाली, "तुमच्यामागे एकच मूत्रपिंड राहणार आहे. ते आयुष्यभर पुरायला हवं. जास्त वजनावर शस्त्रक्रियेचा धोका वाढतो आणि पुढे साखर, रक्तदाब आले तर त्या एकट्यावर भार पडतो. तीन महिने घ्या. सत्त्याहत्तरच्या खाली या, मग समितीपुढे कागद ठेवू."

तीन महिने. काटेबाईंना वाटलं, अडीच किलो म्हणजे काय, ट्रकच्या चाकाला चिकटलेला चिखल याहून जास्त असतो.

त्यांनी काम कामासारखं सुरू केलं. एक कोरी वही घेतली, रेघा मारल्या आणि रोजचं खाणं लिहायला लागल्या. वही काट्याच्या खोलीतच असायची, कारण पेन तिथे, सवय तिथे. सकाळी सहाला काटा उघडला की पहिली नोंद आणि संध्याकाळी सहाला बंद करताना शेवटची. साखर बंद. दुपारी डब्यात भाज्या आणि अर्धी भाकर. रात्रीचं जेवण तर सरळ उडवलंच. "रात्री खाल्लेलं अंगाला लागतं," असं आईने सांगितलं होतं आणि आईचं वजन बेचाळीस होतं, म्हणजे तिला कळत असणार.

पहिल्या पंधरवड्यात आकडा अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चारवर आला. नंतर हललाच नाही. पाचव्या आठवड्यात तर परत वर चढायला लागला.

"बाई, भरून आलात की रिकाम्या?" खडीचा टिप्पर चालवणारा एक जुना चालक खिडकीशी येऊन म्हणाला. हा रोज तीन खेपा मारायचा आणि प्रत्येक खेपेला एक विनोद उतरवून जायचा.

"तू आधी तुझं मागचं चाक पाटावर घे."

"घेतलं. पण तुमचे डोळे बघा की. आत गेलेत. पोट बाहेर आणि डोळे आत, असं पहिल्यांदा बघतोय."

एरवी काटेबाईंनी त्याला असं उत्तर दिलं असतं की टिप्पर स्वतःहून उतरला असता. त्या दिवशी त्यांना शब्दच सुचेना. शिवाय पावतीवर त्यांनी त्याच्या गाडीचं भरलेलं वजन रिकाम्याच्या रकान्यात लिहिलं होतं. त्यानेच ते दाखवून दिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तो हसला नाही, आणि त्याचं न हसणं बाईंना जास्त लागलं.

घरी तर वेगळंच रामायण चाललं होतं.

"बिस्किटांचा डबा कोण संपवतं?" आईने एके सकाळी विचारलं.

"मी नाही," काटेबाई म्हणाल्या.

"मी नाही. हा नाही, त्याला पथ्य आहे. मग उंदीर झाकण उघडून खातात आणि परत लावून ठेवतात?"

"आई, माझी वही बघ. एक बिस्कीट दिसलं तर सांग."

"वहीला काय विचारायचं? मी तुझ्या पोटाला विचारतेय. अगं, भावाचा जीव टांगलाय आणि तुला तोंड आवरत नाही?"

हे वाक्य घरात पडलं आणि तिथेच राहिलं. किल्लीदादा खाली मान घालून चहा ढवळत राहिला, त्यात साखर नव्हती तरी. दुसऱ्या दिवशी आईच्या हुकुमावरून त्याने खाण्याच्या कपाटाला पितळी कुलूप बसवलं. बसवताना म्हणाला, "ताई, रागावू नकोस. आईला बरं वाटावं म्हणून." ताई म्हणाली, "बसव. चांगलं मोठं बसव." आणि आत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

डबा मात्र कपाटात गेला नाही. तो मशीनशेजारच्या छोट्या टेबलावर होता, पाहुण्यांसाठी म्हणून, आणि तिथेच राहिला.

बारावा आठवडा आला. तपासणी चार दिवसांवर. घरच्या काट्यावर आकडा एकोणऐंशी पूर्णांक तीन. तीन महिन्यांची उपासमार करून काटेबाईंनी तीनशे ग्रॅम कमावले होते. त्याच आठवड्यात भावाच्या नळीच्या तोंडाशी लाली दिसली. नर्स म्हणाली, वरवरची आहे, मलम लावा, पण वेळ फार काढू नका.

काटेबाई खुर्चीत बसून समोरच्या पाटाकडे बघत राहिल्या. एक पाण्याचा टँकर आला, नळ उघडून टाकी रिकामी केली आणि वजनाला चढला.

आता एकोणीस वर्षं जे पाप त्यांनी इतरांचं पकडलं, ते त्यांनी कसं केलं हे फार रंगवून सांगायला नको. दोन दिवस मीठ नाही. दीड दिवस पाण्याचा घोट नाही. जाड स्वेटर घालून जिने चढल्या-उतरल्या. तपासणीच्या सकाळी ओठ कागदासारखे झाले होते आणि उभं राहिलं की भिंत हलत होती. आकडा आला शहात्तर पूर्णांक नऊ.

"अरे वा!" नर्स म्हणाली.

काटेबाई हसल्या. ओठ फाटला. रक्त-लघवी देऊन त्या भिंतीला धरून घरी आल्या आणि आईला आकडा सांगितला. आईने कपाटाचं कुलूप उघडलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना जेवायला वाढलं. काटेबाईंनी आईकडे न बघता ते जेवण संपवलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. एकटीला.

"बसा," ती म्हणाली. समोर कागद होता. "समितीपुढे मी तुमचं नाव ठेवू शकत नाही. मूत्रपिंडाचा आकडा बिघडलाय. मागच्या वेळी उत्तम होता."

काटेबाईंच्या कानात नुसता घों घों आवाज झाला. "म्हणजे माझंही..?"

"मला तसं वाटत नाही. रक्त घट्ट आहे, लघवी गडद आहे. पुन्हा तपासू, पाणी पिऊन. पण आधी मला खरं सांगा. किती दिवस पाणी नव्हतं?"

"दीड," काटेबाई म्हणाल्या. मग कुणी न विचारता म्हणाल्या, "टाकी ओतून काट्यावर चढले. आमच्याकडे अशांना परत पाठवतात."

"आमच्याकडेही," डॉक्टरीणबाई म्हणाली, पण आवाज कडक नव्हता. "देणार ते मूत्रपिंड, आणि पाण्यावाचून पहिला मार बसतो तोही त्यालाच. असं पुन्हा केलंत तर मीच तुम्हाला बाद करीन. आता सांगा, खाता काय?"

काटेबाईंनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली, साक्षीदार हजर करावा तशी. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. अक्षर सुबक, वेळा मिनिटांसकट. सहा-दहा, चहा बिनसाखरेचा. एक-पाच, अर्धी भाकर. पाच-चाळीस, एक काकडी. पुढचं पान. सहा-दहा, चहा.

"इतकंच खात असाल तर तुम्ही आतापर्यंत बारीक व्हायला हवं होतं," ती म्हणाली. "संध्याकाळी सहा ते सकाळी सहा काय होतं?"

"काटा बंद असतो."

"काटा बंद असतो, हो. आणि तुम्ही?"

हा प्रश्न त्यांना खरोखर कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही. काटा बंद झाल्यावर आलेल्या गाडीची नोंद करायची नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम होता, आणि तो नियम त्यांनी न कळत पोटालाही लावला होता.

"जेवत नाही. मी... भावाच्या खोलीत खुर्चीवर असते," त्या हळूहळू म्हणाल्या. "मशीन वाजतं. तो कुशीवर वळला की नळी दुमडते, पाणी अडतं, मग वाजतं. रात्रीतून तीनदा, चारदा. मी नळी सरळ करते, बटण दाबते."

"आणि मधल्या वेळात?"

"वाजेल म्हणून ऐकत असते."

"झोप किती?"

"तीन तास. कधी चार. तुकड्यातुकड्यात."

"कधीपासून?"

"मशीन घरी आलं तेव्हापासून. पंधरा-सोळा महिने."

"जागं राहायला काय करता?"

काटेबाईंच्या डोळ्यांसमोर छोटं टेबल आलं. त्यावरचा डबा. डब्याचं झाकण, आवाज न करता उघडायची युक्ती, जी त्यांच्या बोटांना पाठ होती आणि डोक्याला माहीत नव्हती.

"बिस्किटं," त्या म्हणाल्या. "वाजलं की उठायचं, नळी बघायची, मग खुर्चीत परत बसलं की दोन... तीन. दुधाचा चहा, साखर घालून, डोळे उघडे राहावेत म्हणून. पण ते मी कधी खाणं धरलंच नाही हो. आईशी खोटं बोलले मी."

"खोटं नाही बोललात. अर्धीच वही दाखवलीत." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आता माझं ऐका. वजन हवेतून येत नाही, ते खाल्ल्यानेच आलंय. पण तुम्ही ते का खाल्लंत, हे बघा. माणूस झोपला नाही की भूक वाढवणारा निरोप शरीरात जास्त सुटतो आणि पोट भरल्याचा निरोप कमी. मेंदूही थकलेला असतो, त्याला काकडी दिसत नाही, गोड दिसतं. जागरणाचे तास म्हणजे खायचे जादा तास. त्यातून तुम्ही रात्रीचं जेवण सोडलंत, म्हणजे भुकेल्या माणसाला डब्याशेजारी बसवलंत."

"आणि ती रात्रीची धास्ती?"

"तेच सांगतेय. धोका दिसला की शरीर एक संप्रेरक सोडतं. सकाळी ते वर असतं, रात्री उतरायला हवं. तुमचं शरीर सोळा महिने रोज रात्री धोक्याची घंटा ऐकतंय. ते उतरायला तयार नाही. अशाने गोडाची ओढ वाढते आणि साठलेली चरबी पोटाभोवती जायला लागते. साखर पेशींत नीट शिरत नाही. दिवसा थकून तुम्ही कमी हलता, हेही त्यात आहेच. सगळ्यांनाच इतकं होत नाही, पण तुम्हाला झालंय. आणि झोपेशिवाय उपास केला की जे उतरतं त्यात चरबी कमी आणि स्नायू जास्त. म्हणजे चुकीचा माल उतरवताय तुम्ही."

शेवटचं वाक्य काटेबाईंना बाकी सगळ्यापेक्षा लवकर कळलं.

"मग काय करू?"

"बारा आठवडे. तुमच्या भावाची डॉक्टर म्हणते तेवढी सवड आहे, त्याहून जास्त नको. रात्रीचं साधं जेवण, वेळेवर. साखर कमी. रोज चालणं. पण माझी पहिली अट झोपेची. सात तास. दुसऱ्या खोलीत."

"आणि मशीन?"

"मशीन झोपलेल्या माणसाला उठवायलाच वाजतं, बाई. तुमचा भाऊ दोन हात असलेला कारागीर आहे. नळी त्याच्या पोटात आहे. वळायचंही त्यालाच आहे."

घरी हे सांगितल्यावर आईने हंबरडा फोडला. "म्हणजे पोराला रात्री एकटं टाकायचं? नळी अडून काही झालं तर?" आणि मग बिस्किटांचं कळल्यावर तिने डोळे पुसले, ताईच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मला मेलीला काय माहीत," आणि पुन्हा रडायला लागली.

किल्लीदादा इतका वेळ ऐकत होता. "ताई," तो म्हणाला, "सोळा महिने मला बटण दाबू दिलं नाहीस तू. मला प्रशिक्षण मिळालंय, माहितीय ना? प्रमाणपत्र आहे. नर्सने हातात दिलं होतं."

"तुला झोप लागावी म्हणून..."

"मला झोप कशी लागणार? डोळे उघडले की तू खुर्चीवर. माझ्याकडे असं बघतेस की मीच दचकतो."

तो उठला. कपाटावरचं पितळी कुलूप काढलं आणि आपल्या खोलीच्या दाराला आत-बाहेर दोन्हीकडून किल्ली लागेल असं बसवलं. एक किल्ली गळ्यात, एक आईकडे, अडीअडचणीला. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर मशीनला चिकटवला. बिस्किटांचा डबा शेजारच्यांना देऊन आला. "आता रात्री आत यायचं असेल तर कुलूप फोडावं लागेल," तो म्हणाला, "आणि या गावात ते फोडणारा मीच एकटा आहे."

पण झोप काही दिवा नाही, बटण दाबलं की यायला. पहिला आठवडा काटेबाई गादीवर पडून भिंतीला कान लावून होत्या. आई शेजारी घोरायची. बेचाळीस किलोतून तेवढा आवाज निघतो हे काटेबाईंना नवीनच होतं. आईला शेवटी स्वयंपाकघरात हलवलं. दुसऱ्या आठवड्यात साडेचार तास. तिसऱ्यात पाच. वजन मात्र जागचं हलेना. सत्तर वेळा मनात आलं, की निजून कुणी बारीक होतं का, हे सगळं थोतांड आहे, दिवस चाललेत. वहीत आता रात्रीचंही पान होतं. झोप किती, जाग किती वेळा, खाल्लं काय. त्या पानाची त्यांना भीती वाटायची.

चौथ्या आठवड्यात आकडा उतरला. अर्धा किलो. मग थांबला. मग पुन्हा उतरला. चालकाने एकदा विनोद केला आणि काटेबाईंनी त्याला असं उत्तर दिलं की तो खिडकीतच हात जोडून उभा राहिला. "आल्या बाई आल्या," तो मागच्या गाडीवाल्याला ओरडून म्हणाला. संध्याकाळी काटा बंद करून त्या गोदामांना वळसा घालून चालत घरी जायला लागल्या. पूर्वी तेवढं चालायला पायात जीवच नसायचा.

नवव्या आठवड्यात ती रात्र आली.

मशीन वाजलं. काटेबाईंना जाग आली. एरवी आठ-दहा वेळा वाजून थांबायचं, कारण भाऊ तोवर सरळ व्हायचा. या वेळी थांबेना. पंधरा. वीस. काटेबाई उठून बसल्या. पंचवीस. पाय जमिनीला लागले. फरशी गार होती. तोंडाला पाणी सुटलं, गोड बिस्किटाचं. डबा घरात नाही हे जिभेला माहीत नव्हतं. त्या दाराशी गेल्या. दार उघडून पलीकडच्या बंद दारासमोर उभ्या राहिल्या. तीस. स्वयंपाकघरातून आई आली, मुठीत किल्ली, चेहरा पांढरा. तिने किल्ली पुढे केली.

काटेबाईंनी हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला.

आत काहीतरी पडलं. मग भावाचा आवाज आला, झोपाळलेला आणि चिडलेला. "अरे हो, हो, ऐकू आलं की! नळीवरच कोपर टेकवून बसलो होतो." बटणाचा बारीक आवाज झाला. मशीन गप्प झालं आणि पाणी वाहायला लागलं.

"ताई," आतून हाक आली, "उभी आहेस ना दारात? जा, झोप."

आईने किल्ली पदराला बांधली. काटेबाई परत गादीवर आल्या. मग त्या झोपल्या आणि सकाळी वहीत लिहिलं, जाग एकदा, खाणं नाही, झोप सहा तास दहा मिनिटं.

बाराव्या आठवड्याच्या तपासणीला भाऊ आला नाही. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि शिवाय तो म्हणाला, की मी समोर असलो तर तू काट्यावर श्वास रोखून उभी राहशील. नर्सने चपला काढायला सांगितल्या. काटेबाईंनी काढल्या. मग चढायच्या आधी त्यांनी कोपऱ्यातल्या माठासारख्या टाकीकडे बोट केलं.

"आधी पाणी द्या."

"तपासणी झाल्यावर घ्या की. आता घेतलं तर तेवढं वजन वाढेल."

"म्हणूनच."

नर्सने एक पेला दिला. त्यांनी तो संपवला आणि दुसरा मागितला. तोही शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. ओठ पुसले. "काटा शून्यावर आहे?" विचारलं. होता. त्या चढल्या. आकडा थोडा वर गेला, खाली आला, वर गेला. काटेबाईंनी तो बघितला नाही. एकोणीस वर्षं आकडा स्थिर झाल्याशिवाय बघायचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

"शहात्तर पूर्णांक चार," नर्स म्हणाली.

"दोन पेल्यांसकट?"

"दोन पेल्यांसकट."

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे कागद दुसऱ्या दिवशी पाहिले. मूत्रपिंडाचा आकडा पहिल्यासारखाच उत्तम होता. तिने समितीच्या अर्जावर दात्याचं वजन लिहिलं आणि वही परत करताना म्हणाली, "शस्त्रक्रियेनंतरही हे रात्रीचं पान चालू ठेवा."

काटेबाईंनी वही पिशवीत टाकली, बाहेर येऊन भावाला फोन लावला. पलीकडून कानशीचा खरखराट येत होता.

"काय झालं ताई?"

"घे," काटेबाई म्हणाल्या, "गाडी पास झाली."

खरखराट थांबला. मग पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला.